लोणच्याच्या कारखान्याचा व्हिडिओ: पाण्याचा माग काढणारी स्क्रिप्ट

प्रश्न: सांगलीजवळ आमचा कैरीच्या लोणच्याचा छोटा कारखाना आहे. सासूबाईंनी घरातून सुरू केला, आता आठ बायका कामाला आहेत. दुकानदारांना आणि ऑनलाइन ग्राहकांना दाखवायला चारेक मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. लोणचं कसं बनतं, स्वच्छता कशी पाळतो आणि आईंची गोष्ट, हे तिन्ही त्यात हवं. पहिल्या वर्षी बुरशी येऊन बऱ्याच बरण्या परत आल्या होत्या, तेवढं अर्थातच टाळायचं आहे. स्क्रिप्ट कशी लिहू?

उत्तर:

परत आलेल्या बरण्या टाळू नका, व्हिडिओ तिथूनच सुरू करा. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोष्टी त्या एका प्रसंगाला जोडलेल्या आहेत आणि तो काढून टाकला तर व्हिडिओचे तीन सुटे तुकडे होतात. असे व्हिडिओ मी बरेच पाहतो: आधी मालकीणबाई खुर्चीत बसून मिनिटभर बोलतात, मग संगीतावर कैऱ्या, मसाला आणि तेल पळत जातं, शेवटी हातमोजे घातलेले हात आणि ‘आम्ही स्वच्छतेची पूर्ण काळजी घेतो’ हे वाक्य. या वाक्याने कुणाचीच खात्री पटत नाही, कारण प्रत्येक कारखाना ते म्हणतो. काळजी नेमकी कशाची घ्यायची, हे आधी कळलं, तर ती घेतलेली डोळ्यांना दिसते.

लोणच्यात ती काळजी पाण्याची असते. मीठ, कैरीचा आंबटपणा आणि वरचं तेल, या तिघांवर लोणचं वर्षभर टिकतं. बरणीच्या आत काठाशी दोन थेंब पाणी राहिलं, की तेवढ्या जागी मीठ आणि आंबटपणा पातळ होतो. वर हवा असतेच, आणि बुरशीला तेवढं पुरतं. फोड तेलाच्या वर डोकावत राहिली, तरी तेच होतं. म्हणून कैरी धुतल्या क्षणापासून झाकण बसेपर्यंत तुमच्या कारखान्यातलं निम्मं काम पाणी काढून टाकण्याचं आहे. स्क्रिप्ट याच धाग्यावर लिहा. प्रत्येक दृश्यात प्रेक्षकाला दिसलं पाहिजे की इथे पाणी कुठून येतं आणि तुम्ही त्याचं काय करता. म्हणजे प्रक्रिया आणि स्वच्छता वेगवेगळ्या दाखवायची गरज उरत नाही, आणि आई जे बोलतील ते आपोआप त्या त्या कामाला लागून येतं.

लिहायला बसण्याआधी आईंशी तासभर गप्पा मारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. ‘तुमचा प्रवास सांगा’ असं विचारलंत तर त्या सत्काराच्या भाषणासारखं बोलतील. छोटे, नेमके प्रश्न विचारा. पहिली बरणी कुणाला विकली आणि किती रुपयांना? बरण्या परत आल्या तेव्हा त्या कुठे ठेवल्या? त्या लोणच्याचं काय केलं? दुकानदार काय म्हणाला? त्यानंतर कामात पहिला बदल कोणता केला? आजही कोणतं काम दुसऱ्या कुणावर सोडत नाही? यातून दहा-बारा वाक्यं अशी मिळतील जी तुम्ही किंवा मी लिहूच शकणार नाही. स्क्रिप्ट त्याच वाक्यांची करा. पाठ करून बोलायला लावू नका. कॅमेरा चालू असताना तोच प्रश्न पुन्हा विचारा आणि त्यांना त्यांच्या सांगलीच्या बोलीतच उत्तर देऊ द्या.

एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगतो. फोडी मिठात मुरायला वेळ लागतो, त्यामुळे कैरी चिरण्यापासून बरणी भरण्यापर्यंत सगळं एका दिवसात चित्रित होत नाही. दोन दिवस ठरवा: एक कैरी येण्याचा आणि चिरण्याचा, दुसरा मसाला कालवण्याचा आणि भरण्याचा. पहिला दिवस मे महिन्यात किंवा पाऊस लागायच्या आत साधा. हंगाम संपल्यावर ताज्या कैरीचं दृश्य मिळत नाही, आणि बाजारातून चार किलो कैऱ्या आणून ते उभं केलं तर जाणकार दुकानदार लगेच ओळखतो. हंगाम हुकला असेल तर ड्रममधली खारवलेली कैरी उघडतानाचं दृश्य घ्या आणि ती मे महिन्यात खारवलेली आहे असं सरळ सांगा.

आता नमुना स्क्रिप्ट. आईंची वाक्यं मी तुमच्या माहितीवरून अंदाजाने लिहिली आहेत, ती त्यांच्या खऱ्या वाक्यांनी बदला. आकडेही तुमच्याकडचे घाला. चार मिनिटांच्या व्हिडिओत बोलणं अडीचशे ते तीनशे शब्दांच्या पुढे नेऊ नका. बाकीचा वेळ कामाच्या आवाजाला हवा असतो.

दृश्य १, सुमारे २० सेकंद. रिकाम्या काचेच्या बरणीचा आतला काठ, अगदी जवळून. आईंचं बोट काठावरून फिरतं. मग त्यांचा चेहरा.
आई: ‘पहिल्या वर्षी बरण्या धुतल्या आणि घाईत ओल्याच भरल्या. पंधरा दिवसांत वर पांढरा थर आला. दुकानदारानं सगळ्या परत पाठवल्या. त्या दिवसापासून या घरात पाण्यावर माझा डोळा असतो.’
इथे कारखान्याचं नाव.

दृश्य २, २५ सेकंद. सकाळी क्रेट उतरतात. आई एक कैरी उचलून दाबतात, सुरीने कापतात, आतली बाठ दाखवतात. एक मऊ कैरी बाजूच्या टोपलीत टाकतात.
आई: ‘सुरीला बाठ लागली पाहिजे. कोवळी कैरी मिठात मऊ पडते, पाडाला आलेली गोड लागते. दोन्ही बाजूला काढते.’

दृश्य ३, ३० सेकंद. दोन टाक्यांत धुणं. दुसऱ्या टाकीतलं पाणी स्वच्छ दिसतं. कैऱ्या जाळीच्या रॅकवर, वर पंखे. दोन बायका कोरड्या पांढऱ्या फडक्याने एकेक कैरी पुसतात. ओलं झालेलं फडकं बादलीत जातं, नवं घेतलं जातं.
आई: ‘धुवायला वेळ लागत नाही, वाळवायला लागतो. देठाच्या खळग्यात पाणी बसतं, तिथे आधी पुसायचं.’

दृश्य ४, २० सेकंद. अडकित्त्याने फोडी. कोय आणि तिच्यावरचं पातळ साल काढणं. बोलणं नाही, फक्त अडकित्त्याचा आवाज.

दृश्य ५, ४० सेकंद. काट्यावर फोडी, मग मीठ आणि हळद. फोडी ड्रममध्ये. पडद्यावर अक्षरं: ‘दुसऱ्या दिवशी’. झाकण उघडतं, फोडी पाण्यात बुडालेल्या.
आई: ‘शंभर किलो फोडीला पंधरा किलो मीठ. हे पाणी आम्ही घातलेलं नाही, मिठानं कैरीतून ओढून काढलंय. हे निथळल्याशिवाय मसाला लागत नाही.’

दृश्य ६, ३५ सेकंद. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट. कढईत तेल तापतं, मग झाकून ठेवलेलं थंड तेल. स्टीलच्या परातीत कालवणं.
आई: ‘तेल कडकडीत तापवायचं आणि पूर्ण गार करायचं. गरम तेल पडलं तर तिखट काळं पडतं आणि मोहरी कडू होते.’

दृश्य ७, ३५ सेकंद. बरण्या गरम पाण्याने धुतात, रॅकवर उपड्या, मग ड्रायरमध्ये. आई एकेक बरणी उजेडाकडे धरतात. एक बाजूला ठेवतात.
आई: ‘ही नाही. बुडाशी दव आहे. पुन्हा ड्रायरमध्ये.’

दृश्य ८, २५ सेकंद. भरणं, स्टीलच्या सळईने हवेचे बुडबुडे काढणं, वरून तेल. फोडी तेलाखाली गेलेल्या दिसतात. झाकण, सील, बॅच क्रमांकाचा शिक्का.

दृश्य ९, २० सेकंद. कपाट उघडतं: प्रत्येक बॅचची राखून ठेवलेली एक बरणी, तारखेसह.
आई: ‘कुणाचा फोन आला की त्याच बॅचची बरणी काढून बघते.’
शेवटी लेबल, परवाना क्रमांक आणि संपर्क.

यातलं पाचवं दृश्य मन लावून घ्या. कोरड्या भरलेल्या ड्रममध्ये एका रात्रीत पाणी साठलेलं पाहून ज्याने कधी लोणचं घातलं नाही तो माणूस थबकतो, आणि मीठ काय करतं हे त्याला न शिकवता कळतं. त्यासाठी कॅमेरा दोन्ही वेळा एकाच जागी, एकाच उंचीवर ठेवा. मिठाचं प्रमाण सांगायला अजिबात बिचकू नका. ते सगळ्या घरांत थोड्याफार फरकाने हेच असतं. तुमचं गुपित मसाल्यात आहे. तिथे काट्याचा आकडा दिसू न देता फक्त वाट्या आणि रंग दाखवा.

त्याच दृश्यात ड्रम दिसणार आहे आणि दुकानदाराची नजर तिथेच जाते, कारण रसायनांचे जुने निळे ड्रम धुऊन वापरणारे लोक त्याने पाहिलेले असतात. ड्रम खाद्यपदार्थांसाठीचा असेल तर त्याच्यावरची पेला-काट्याची खूण तीन सेकंद स्पष्ट दिसू द्या. नसेल तर आधी ड्रम बदला, मग चित्रीकरण करा. ॲल्युमिनियम, तांबं किंवा पितळेचं भांडं कालवण्याच्या दृश्यात येता कामा नये. मीठ आणि आंबट त्यांना खातं, आणि हे तुमच्या गिऱ्हाइकांतल्या प्रत्येक आजीला माहीत आहे.

सातव्या दृश्यात बरणी नाकारली जाते, ती खरोखरची नाकारलेली हवी. मुद्दाम पाणी शिंपडून ठेवू नका. आईंना रोजच्यासारख्या पन्नास-साठ बरण्या तपासू द्या आणि कॅमेरा चालू ठेवा, एखादी निघेलच. स्वच्छतेवर कितीही बोललात तरी त्या एका ‘ही नाही’ची बरोबरी होणार नाही.

आता जे नकळत चौकटीत येतं त्याबद्दल. प्रेक्षक हात पाहतो: नखं, बांगड्या, अंगठी, घड्याळ. अन्नसुरक्षेच्या नियमांतल्या अनुसूची ४ प्रमाणे अन्न हाताळताना दागिने आणि घड्याळ चालत नाहीत, केस झाकलेले हवेत. ही शिस्त चित्रीकरणाच्या दिवसापुरती आणलीत तर ती उघडी पडते, कारण सवय नसलेली बाई दर दोन मिनिटांनी टोपी सारखी करते आणि तोच हात परातीत जातो. महिनाभर आधी सुरुवात करा. काचेच्या बांगड्या आणि मंगळसूत्र काढायला काही बायका तयार नसतात. तिथे जबरदस्ती न करता त्यांना लेबल लावणं, खोकी भरणं अशी उघड्या अन्नापासून दूरची कामं द्या, आणि चित्रातही त्या तिथेच दिसू देत. मंगळसूत्र पदराखाली लपवून कालवायला बसवू नका.

हातमोज्यांवर फार भिस्त ठेवू नका. मोजा घातलेल्या हाताने कुणी फोन उचलला किंवा पदर सावरला, तर उघड्या धुतलेल्या हातापेक्षा ते वाईट दिसतं आणि असतंही वाईट. कामावर येताना हात धुण्याचं एक लहान दृश्य तिसऱ्या दृश्याआधी घालता येईल, पण त्यात हात पुसून कोरडे करणं दिसलंच पाहिजे. आपला धागाच तो आहे.

कॅमेरावाल्यालाही टोपी आणि पायात आच्छादन द्या. स्टीलच्या परातीत किंवा काचेत त्याचं प्रतिबिंब उमटतं आणि उघड्या डोक्याचा माणूस उघड्या लोणच्यावर वाकलेला दिसतो. तयार झालेल्या व्हिडिओत हे पाहून दृश्य टाकून द्यावं लागलेलं मी पाहिलं आहे. ट्रायपॉडचे पाय पुसून आत आणा. भरणीच्या खोलीत एकाच माणसाने जावं, बाकीच्यांनी दाराबाहेर थांबावं.

तांत्रिक बाबतीत दोनच गोष्टी सांभाळा. पहिली रंगाची: ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र असला की मोबाइल दर सेकंदाला रंग बदलतो आणि लाल लोणचं कधी नारिंगी, कधी तपकिरी दिसतं. व्हाइट बॅलन्स लॉक करा, आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने इतर वेगांवर ट्यूबलाइट लुकलुकते. दुसरी आवाजाची: ड्रायर आणि पंखे चालू असताना आईंचं बोलणं ऐकू येणार नाही. दृश्य १ आणि ७ मधली वाक्यं यंत्रं बंद ठेवून जागेवरच घ्या, बाकीची घरातल्या शांत खोलीत गाद्या-गोधड्यांच्या मध्ये बसून रेकॉर्ड करा आणि नंतर चित्रावर लावा. अडकित्ता, मिठाचा खसखसाट, फोडणीची चरचर हे आवाज मात्र जवळून आणि वेगळे घ्या.

शब्दांच्या बाबतीत जपून राहा. अन्नाच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत आणि कारखान्याचा व्हिडिओ ही जाहिरातच ठरते. आठ जणी काम करतात, ड्रायर आहे, सीलिंग यंत्र आहे, तेव्हा ‘घरी बनवलेलं’ म्हणू नका. ग्राहकाचा गैरसमज होईल असा शब्द नको. ‘घरातून सुरू झालेलं’ हे खरं आहे, तेच म्हणा. ‘परिरक्षक नाही’ हे वाक्य लेबलावरची घटकांची यादी समोर ठेवून मगच लिहा. सोडियम बेंझोएट एखाद्या बॅचलाही घालत असाल तर ते वाक्य नको. ‘पचनाला उत्तम’, ‘जंतुमुक्त’ हेही नको. ‘सांगलीची हळद’ म्हणायचा मोह होणार, कारण ती तुमच्या दाराशी आहे. पण तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणून खरेदीची बिलं तसं दाखवत असतील तरच ते नाव घ्या. परवाना क्रमांक शेवटी दाखवाल तेव्हा १४ अंक पुन्हा मोजा आणि लेबलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.

पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, मोजण्याचं दृश्य घालावं का, हा प्रश्न पुढे येईलच. मोठ्या दुकानांच्या खरेदी अधिकाऱ्यांसाठी वेगळी प्रत करणार असाल तर आठव्या दृश्यानंतर जरूर घाला. पीएच ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढत नाहीत, आणि कैरीचं लोणचं साधारण याच्या बरंच खाली असतं. मात्र मोजणं बरोबर दाखवा. तेलात इलेक्ट्रोड बुडवला तर त्यावर तेलाचा थर बसतो आणि आकडा भरवशाचा राहत नाही. तेल निथळून फोडी वाटून घ्यायच्या आणि त्या लगद्याचा पीएच घ्यायचा; त्याआधी मीटर ४ आणि ७ या ठरलेल्या पीएचच्या बफर द्रावणांवर जुळवायचा. हे सगळं १५ सेकंदांत दिसतं आणि जाणणाऱ्याला तेवढं पुरतं. घरगुती ग्राहकाच्या प्रतीत हे नको, तिथे आकड्यामुळे लोणच्याचं रसायन झाल्यासारखं वाटतं.

कामावरच्या बायकांना चित्र कुठे कुठे जाणार आहे ते आधी सांगा आणि ज्यांना चेहरा नको असेल त्यांचे फक्त हात घ्या. व्हिडिओ जुळवून झाला की आवाज बंद करून एकदा पूर्ण पाहा, कारण फोनवर बरेच लोक तसाच पाहतात. आवाजाशिवायही पाणी कुठे आलं आणि कुठे गेलं हे कळत असेल तर चित्रं बरोबर आहेत. आईंची वाक्यं खाली मोठ्या मराठी अक्षरांत द्या. मग दृश्य १, ५ आणि ७ मधले निवडक तुकडे जोडून चाळीस-पन्नास सेकंदांची वेगळी प्रत करा. दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर तीच पाठवा आणि पूर्ण व्हिडिओ तो मागेल तेव्हा द्या.